काळ्या चौकटीतला आवाज

चॅटमध्ये आलेल्या व्हिडिओवरचं ते गोल बटण दाबावं आणि काळ्या चौकटीतून नुसता आवाज यावा, हा अनुभव आता इतका नेहमीचा झालाय की कुणी त्यावर फार विचार करत नाही. "दिसत नाहीये, परत पाठवा" असं लिहिलं जातं. तोच व्हिडिओ परत येतो आणि परत तसाच काळा. मग पाठवणाऱ्याकडून ठरलेलं वाक्य येतं, "माझ्याकडे तर नीट चालतोय." त्या वाक्यात थोडा राग असतो, आपल्यावर अविश्वास दाखवल्यासारखा. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

माझ्या कामाचा बराचसा भाग इतरांच्या संगणकांवरच्या अडचणी दुरून समजून घेण्यात जातो, त्यामुळे असे व्हिडिओ माझ्याकडे सतत येत राहतात. त्यातलाच एक इथे सविस्तर सांगते, कारण त्यात या सगळ्या प्रकरणाच्या गाठी एकाच जागी सापडल्या होत्या.

आमच्याकडच्या एका तरुण सहकाऱ्याला मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामात अडचण येत होती. नोंद भरून "जतन करा" म्हटलं की कधी ती जतन होई, कधी नाही. त्याने फोन हातात धरून संगणकाच्या पडद्याचंच चित्रीकरण केलं आणि गटात टाकलं. खाली लिहिलं, "ताई, व्हिडिओ टाकलाय, बघाल का? सगळं त्यात आहे." फाइलच्या नावाच्या शेवटी `.mov`, लांबी 4 मिनिटं 40 सेकंद, आकार साधारण 280 एमबी. माझ्या कामाच्या संगणकावर ती उघडली तेव्हा त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "हे बघा, आता मी इथे क्लिक करतोय." चित्राच्या जागी मात्र अंधार. गटातल्या एकाला त्याच्या फोनवर सगळं व्यवस्थित दिसत होतं. दुसऱ्या एकीची फाइल उतरवतानाच अडकली होती. एकाच फाइलचे हे तीन वेगवेगळे अनुभव.

आवाज येतोय आणि चित्र नाही, ही खूण फार बोलकी असते. फाइल खराब असती, अर्धवट उतरली असती, तर बहुतेक वेळा आवाजही आला नसता. `.mov` किंवा `.mp4` हे खरं तर एका डब्याचं नाव आहे, आणि डब्यावरचं नाव वाचून आत काय भरलंय ते कळत नाही. आत एक चित्राचा प्रवाह असतो, एक आवाजाचा, आणि कुठल्या क्षणाचं चित्र फाइलमध्ये नेमकं कुठे आहे हे सांगणारी एक सूची असते. `.mov` ही ॲपलने 1991 मध्ये आणलेल्या क्विकटाइमची रचना, आणि `.mp4` तिच्यावरच बेतलेली, त्यामुळे दोन्ही डबे जवळपास सारखेच. माझ्या संगणकाने डबा उघडला होता. आतला आवाज एएसी नावाच्या पद्धतीने बांधलेला होता, ती पद्धत आज सगळीकडे चालते, म्हणून तो ऐकू आला. चित्र ज्या पद्धतीने बांधलं होतं ती उलगडण्याची सोय मात्र माझ्याकडे नव्हती.

म्हणूनच नाव बदलून `.mov` चं `.mp4` करण्याचा जो उपाय कुणीतरी नेहमी सुचवतं, त्याने काहीही होत नाही. झाकणावरची चिठ्ठी बदलते, आतला ऐवज तोच राहतो.

चित्र मुळात बांधून का ठेवावं लागतं, हे एकदा आकडे मांडून पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं. फोनवरच्या नेहमीच्या व्हिडिओत एका चौकटीत, म्हणजे एका फ्रेममध्ये, 1920 गुणिले 1080 ठिपके असतात. दर ठिपक्याचा उजेड वेगळा नोंदवायचा आणि रंग मात्र चार ठिपक्यांमागे एकदाच, असा काटकसरीचा हिशेब धरला (आपल्या डोळ्यांना रंगातला बारीक फरक तितकासा कळत नाही, म्हणून हे खपतं), तरी एका फ्रेमला साधारण 3.1 एमबी लागतात. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर 93 एमबी, आणि मिनिटाला साडेपाच जीबीहून जास्त. प्रत्यक्षात आयफोन अशा एका मिनिटाला सुमारे 60 एमबी घेतो. म्हणजे नव्वदपटीहून जास्त आकसलेलं चित्र आपल्या हाती असतं.

हे आकसणं कसं साधतं? मधूनमधून एखादीच फ्रेम पूर्ण ठेवली जाते. तिच्या पुढच्या फ्रेमांमध्ये फक्त "आधीपेक्षा काय बदललं" एवढंच लिहिलेलं असतं. हा तुकडा दोन ठिपके डावीकडे सरकला, इथला उजेड किंचित वाढला, बाकी सगळं तेच. त्यामुळे व्हिडिओ फाइलमधल्या बहुतेक फ्रेमांमध्ये चित्र असं नसतंच, चित्र कसं उभं करायचं याच्या सूचना असतात. त्या सूचनांची भाषा म्हणजे कोडेक. समोरच्या यंत्राला ती भाषा येत नसेल तर ते दुसरं काय करणार? काळी चौकट दाखवणार.

या भाषांमध्ये एच.264 ही 2003 सालची. आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक फोनला, संगणकाला, टीव्हीला ती येते, बहुतेकांच्या चिपमध्येच ती बसवलेली असते. तिच्या पुढची एच.265, जिला एचईव्हीसी म्हणतात, 2013 मध्ये प्रमाणित झाली. तेवढ्याच दर्जाचं चित्र ती साधारण निम्म्या जागेत बसवते. मग सगळे तिच्याकडे का नाही वळले? कारण तांत्रिक कमी आणि कायदेशीर जास्त आहे. तिच्यामागची पेटंटं अनेक कंपन्यांकडे आहेत, ती एकाच ठिकाणी गोळा झाली नाहीत, परवाने देणारे वेगवेगळे गट तयार झाले, आणि कुणाला किती द्यायचे याचा घोळ बरीच वर्षं चालला. ब्राउझर फुकट वाटणाऱ्यांना हा खर्च नको होता. क्रोममध्ये एचईव्हीसी चालू लागलं ते 2022 मध्ये, आणि तेही संगणकाच्या चिपला ते येत असेल तरच. विंडोजमध्ये त्यासाठी स्टोअरमधून वेगळी जोड घ्यावी लागू शकते. दरम्यान ॲपलने 2017 मध्ये आयओएस 11 पासून नव्या फोनांवर व्हिडिओ आपोआप एचईव्हीसीमध्येच घ्यायला सुरुवात केली होती. म्हणजे घेणारा फोन पुढे निघून गेला आणि बघणारी यंत्रं मागे राहिली. ज्याने व्हिडिओ घेतला त्याने यातलं काहीच निवडलेलं नसतं. त्याने लाल बटण दाबलं, इतकंच.

माझ्यासमोरच्या फाइलचं पोट तपासायला मी `ffprobe` वापरलं. ते `ffmpeg` या मोफत साधनासोबत येतं.

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
  -show_entries stream=codec_name,profile,pix_fmt \
  -of default=noprint_wrappers=1 clip.mov
```

उत्तर आलं ते असं:

```
codec_name=hevc
profile=Main 10
pix_fmt=yuv420p10le
```

पहिल्या ओळीने संशय खरा ठरवला. तिसऱ्या ओळीतला `10` मात्र आणखी एक गोष्ट सांगतो. नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची प्रत्येक पायरी 8 बिटांत लिहिलेली असते, इथे 10 बिटांत आहे. फोनवर एचडीआर चालू असलं की असं होतं. उजळ आभाळ आणि गडद सावली दोन्ही एकत्र टिपायला ते छान, पण ज्या जुन्या चिपना साधं एचईव्हीसी कसंबसं येतं त्यांनाही 10 बिटांचं येईलच असं नाही. संगणकाच्या पडद्याचं चित्रीकरण करायला एचडीआर लागत नाही हे वेगळं सांगायला नको, पण फोनला काय माहीत आपण कशाकडे रोखून उभे आहोत!

ज्यांना अशा आज्ञा टाइप करायच्या नाहीत त्यांनी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडून `Tools` मधल्या `Codec Information` वर जावं, तिथे हीच माहिती मिळते. व्हीएलसी उलगडण्याची सोय स्वतःसोबतच घेऊन येतं, म्हणून त्यात बऱ्याचदा तीच फाइल दिसूही लागते. मलाही दिसली. मात्र "व्हीएलसी टाका" हा सल्ला एका माणसापुरता ठीक आहे. गटात दहा जण असतील तर दहा जणांनी काहीतरी बसवून घेण्यापेक्षा पाठवणाऱ्या एकाने पाठवण्याची रीत बदलणं केव्हाही कमी कटकटीचं.

इथे कुणीही विचारेल, आणि मला विचारतातही, की मग चॅटचं ॲप हे स्वतःच का करत नाही? व्हिडिओच्या मोठ्या संकेतस्थळांवर आपण काहीही चढवलं तरी ते सगळ्यांना दिसतं. ते खरं आहे. पण त्या संकेतस्थळांचे सर्व्हर आपली फाइल उघडतात, तिच्या वेगवेगळ्या आकारांच्या आणि कोडेकच्या प्रती करून ठेवतात आणि बघणाऱ्याच्या यंत्राला जमेल ती प्रत पुढे करतात. आदीपासून अंतापर्यंत कुलूपबंद, म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असलेल्या चॅटमध्ये सर्व्हरला फाइलच्या आत डोकावताच येत नाही, आणि तेच तर आपल्याला हवं असतं. जे आत दिसत नाही त्याच्या दुसऱ्या प्रती कोण करणार? रूपांतर करायचं तर ते पाठवणाऱ्याच्या फोनवरच, पाठवण्याआधी व्हायला हवं.

आणि ते होतंही. गॅलरीतून व्हिडिओ निवडून पाठवला की चॅटचं ॲप सहसा त्याला दाबून, लहान करून, सगळीकडे चालेल अशा रूपात पाठवतं. आपल्या या गड्याने तसं केलं असतं तर चित्र मला दिसलं असतं. मग त्याने का नाही केलं? कारण आधी एकदा केलं होतं, आणि तेव्हा पडद्यावरची अक्षरं इतकी पुसट झाली होती की मीच त्याला लिहिलं होतं, "काही वाचता येत नाहीये." म्हणून या वेळी त्याने शहाणपणाने डॉक्युमेंट म्हणून फाइल जोडली. डॉक्युमेंट म्हणून जोडलं की ॲप फाइलला हात लावत नाही, जशीच्या तशी पोहोचवतं. हा खरा पेच आहे. गॅलरीतून पाठवलं तर उघडतं पण वाचता येत नाही, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर वाचण्याजोगं असतं पण उघडत नाही.

ॲपं व्हिडिओच्या बाबतीत थोडी जपून वागतात त्याला सुरक्षेचीही एक बाजू आहे. 2015 मध्ये अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट या भागातल्या त्रुटी उघड झाल्या. मुद्दाम बिघडवून रचलेली व्हिडिओ फाइल संदेशातून पाठवली तर ती उलगडतानाच फोनचा ताबा जाण्याची शक्यता होती, काही वेळा तर माणसाने ती उघडायच्याही आधी, कारण संदेशाचं ॲप तिची आपोआप पूर्वतयारी करून ठेवत असे. व्हिडिओ उलगडणारा कोड गुंतागुंतीचा असतो आणि तो परक्याने दिलेल्या मजकुरावर काम करतो. त्यामुळे ऑफिसातली काही चॅट व्यवस्था ओळखीचे प्रकार सोडून बाकी फाइल थेट दाखवतच नाहीत. फक्त उतरवून घ्या म्हणतात. मला यात आडमुठेपणा वाटत नाही.

कधीकधी फाइल अजिबातच उघडत नाही, आवाजसुद्धा नाही. तेव्हा कोडेककडे बोट दाखवण्याआधी मघाच्या त्या सूचीकडे बघावं. फोन चित्रीकरण करत असताना कुठली फ्रेम किती मोठी होणार हे त्याला आधी ठाऊक नसतं, त्यामुळे सूची सगळ्यात शेवटी लिहिली जाते. मध्येच बॅटरी संपली, किंवा फाइल पूर्ण उतरलीच नाही, तर चित्र आहे पण सूची नाही अशी अवस्था होते. `ffprobe` तेव्हा `moov atom not found` म्हणतं. अशा वेळी पाठवणाऱ्याला त्याच्याकडच्या फाइलचा आकार विचारावा आणि आपल्याकडच्याशी ताडून बघावा. आकडे जुळत नसतील तर परत उतरवून घ्यायची. जुळत असूनही उघडत नसेल तर मूळ फाइलच अर्धवट आहे.

आता 280 एमबीचं काय करायचं? सर्वसाधारण माणसाचा पहिला विचार असतो तो दाबून लहान करण्याचा, आणि इथेच बहुतेकांची वाट चुकते. समजा ती जीमेलने पाठवायची आहे. तिथे मर्यादा 25 एमबीची. पण मेलमधून जाताना जोडलेली फाइल अक्षरांच्या रूपात लिहिली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून प्रत्यक्षात 18 एमबी धरून चालावं. अठरा एमबी म्हणजे 144 मेगाबिट. ते 4 मिनिटं 40 सेकंदांवर, म्हणजे 280 सेकंदांवर वाटले तर सेकंदाला अर्धा मेगाबिट वाट्याला येतो. मूळ व्हिडिओत सेकंदाला 8 मेगाबिट होते. म्हणजे सोळाव्या हिश्श्यात तेच बसवायचं, आणि तेही जास्त जागा खाणाऱ्या जुन्या एच.264 मध्ये. माणसाचा चेहरा असता तर कसाबसा ओळखू आला असता. पडद्यावरची बारीक अक्षरं हातात धरलेल्या, हलणाऱ्या फोनने टिपलेली असताना ती विरघळून जाणार हे नक्की.

आता दुसऱ्या बाजूने बघा. त्या 280 सेकंदांतले कामाचे किती? व्हीएलसीमध्ये मी तो पूर्ण पाहिला. सुरुवातीची दोन मिनिटं प्रोग्राम उघडणं, खातं निवडणं, चुकून भलतीच खिडकी उघडणं. अडचण आली ती 2 मिनिटं 14 सेकंदांवर. पडद्याच्या मध्यभागी एक संदेश क्षणभर चमकून गेला. त्यापुढे तो दोनदा तेच करून दाखवतो आणि दोन्ही वेळा सगळं सुरळीत होतं. म्हणजे 2:10 ते 2:30 हे वीस सेकंद पुरेसे होते. तेच 144 मेगाबिट वीस सेकंदांवर वाटले तर सेकंदाला सात मेगाबिटांहून जास्त मिळतात, जवळजवळ मूळ व्हिडिओइतके. त्याच मर्यादेत, तीच अक्षरं आता वाचता येतात. दाबण्यापेक्षा कापणं का बरं, याला याहून वेगळं कारण द्यायची मला गरज वाटत नाही.

कापण्याची सोय प्रत्येक फोनच्या गॅलरीत असते, आणि बहुतेकांना तेवढी पुरते. संगणकावर एकाच आज्ञेत कापायचं आणि सगळीकडे चालेल असं करायचं तर:

```
ffmpeg -ss 00:02:10 -i clip.mov -t 20 \
  -c:v libx264 -crf 20 -pix_fmt yuv420p \
  -c:a aac -movflags +faststart short.mp4
```

`libx264` म्हणजे चित्र एच.264 मध्ये बांध. `yuv420p` म्हणजे 10 बिटांचं 8 बिटांवर आण. `faststart` ती सूची शेवटून उचलून सुरुवातीला आणून ठेवतं, म्हणजे पूर्ण फाइल उतरण्याची वाट न बघता चित्र सुरू होऊ शकतं. मी इथे मुद्दाम आकार कमी केलेला नाही. अक्षरं वाचायची असतील तर फ्रेमचा आकार राखावा आणि लांबीवर कात्री चालवावी. `-crf` चा आकडा वाढवला की फाइल लहान होते आणि चित्र ढासळतं, 20 च्या आसपास अक्षरं टिकतात.

या आज्ञेतली एक अडचण सांगायला हवी. एचडीआर व्हिडिओ असा सरळ 8 बिटांवर आणला तर रंग फिके, धुतल्यासारखे दिसतात, कारण उजेडाची मोजपट्टी बदलण्याचं काम यात होत नाही. पडद्यावरचा संदेश वाचायचा असेल तर फिकेपणाने काही बिघडत नाही. रंगच महत्त्वाचा असेल, छापलेल्या कागदावरचा डाग दाखवायचा असेल, तर मूळ चित्रीकरणच एचडीआर बंद करून करावं. आयफोनवर `Settings`, `Camera`, `Formats` मध्ये `Most Compatible` निवडलं की नेहमीचे व्हिडिओ एच.264 मध्ये होतात. जागा जवळपास दुप्पट लागते. ज्याला रोजच असे व्हिडिओ इतरांना पाठवावे लागतात त्याला हा सौदा परवडतो.

कापताना आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. काही साधनं परत न बांधता, आहे तसाच तुकडा काढून देतात. ते झटपट होतं, पण तुकड्याच्या सुरुवातीला चित्र गोठलेलं किंवा काळं राहू शकतं. कारण मघाशी सांगितलेलंच, बहुतेक फ्रेमा स्वतःच्या पायावर उभ्या नसतात. पूर्ण फ्रेमपासून कापलं नाही तर पुढच्या सूचनांना आधारच उरत नाही. तेवढ्यासाठी हव्या त्या क्षणाच्या दोन-चार सेकंद आधीपासून कापावं.

पण खरं सांगायचं तर या प्रकरणात मला वीस सेकंदही लागले नाहीत. व्हीएलसीमध्ये `E` दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवत त्या संदेशावर थांबले आणि चित्र जतन केलं. आज्ञेने हेच असं होतं:

```
ffmpeg -ss 00:02:14 -i clip.mov -frames:v 1 frame.png
```

त्या एका स्थिर चित्रात `database is locked` एवढं वाचता आलं आणि उजव्या कोपऱ्यात संगणकाचं घड्याळ दिसलं, बरोबर सहा. चालता व्हिडिओ बघताना त्या घड्याळाकडे माझं लक्ष गेलंच नव्हतं. नजर माणसाच्या बोलण्यामागे आणि हलणाऱ्या बाणामागे जाते. सहा वाजता नोंदींची प्रत काढण्याचं काम आपोआप सुरू होत होतं, ते त्या फाइलला काही क्षण कुलूप लावून ठेवत होतं, आणि नेमक्या त्याच वेळी जतन करू पाहणाऱ्याला नकार मिळत होता. म्हणूनच कधी होई, कधी नाही. प्रत काढण्याची वेळ सगळे घरी गेल्यानंतरची केली आणि तक्रार थांबली.

तेव्हा व्हिडिओऐवजी चॅटमध्ये काय आलं असतं तर बरं झालं असतं? मी त्याच सहकाऱ्याला नंतर हा नमुना लिहून दिला, आणि तो आता तसंच पाठवतो:

"नवी नोंद भरून जतन करताना अडलं. संध्याकाळी 6:00. संदेश क्षणभर दिसला: `database is locked`. पुन्हा केलं तेव्हा झालं. दिवसभरात इतर वेळी असं अडत नाही. सोबत पडद्याचं चित्र आणि वीस सेकंदांचा तुकडा. पूर्ण व्हिडिओ आहे, लागला तर लिंक देतो."

यातला मजकूर अक्षरांत असल्यामुळे तो शोधता येतो, नक्कल करून दुसऱ्याला विचारता येतो. सहा महिन्यांनी कुणाला तोच संदेश दिसला तर चॅटमध्ये शोधल्यावर हे सापडेल. व्हिडिओच्या पोटातलं वाक्य असं सापडत नाही. आणि हो, पडद्यावर काय दिसतंय ते दाखवायचं असेल तर संगणकाचाच स्क्रीनशॉट घ्यावा. फोनने पडद्याचा फोटो काढला की पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांत गुंतून लाटा उमटतात आणि बारीक अक्षरं त्यात बुडतात.

प्रत्येक गोष्ट स्थिर चित्रात मावत नाही, हेही तितकंच खरं. बटण दाबल्यावर खिडकी उघडायला दोन सेकंद लागतात की लगेच उघडते, बाण थरथरतो का, चित्र मध्येच फाटतं का, हे वेळेत घडतं आणि वेळेतच दाखवावं लागतं. तिथे तुकडाच हवा. यंत्राच्या आवाजाची तक्रार असेल तर चित्र काढून टाकून नुसता आवाज पाठवला तरी चालतं, `ffmpeg` च्या आज्ञेत `-vn` घालून चित्र वगळता येतं आणि फाइल अगदी किरकोळ होते. कुणाचं भाषण किंवा बैठक असेल तर मला तरी लिहून काढलेला मजकूर आणि शेजारी वेळा एवढं पुरतं. "12:40 ला निर्णय, 31:05 ला त्यावर आक्षेप" असं लिहिलेलं असलं की ज्याला हवं तो नेमका तिथे जाऊन ऐकतो.

आणि पूर्ण व्हिडिओ खरोखर द्यायचाच असेल तेव्हा लिंक द्यावी. क्लाउडवर ठेवलेली फाइल बघणाऱ्याच्या ब्राउझरात दिसेल अशी प्रत तिथली व्यवस्था बहुतेक वेळा स्वतः तयार करते. त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून चढवल्या चढवल्या "दिसत नाही" अशी ओरड झाली तर गोंधळून जाऊ नये. लिंक पाठवण्याआधी ती खासगी खिडकीत, म्हणजे आपल्या खात्यातून बाहेर पडून, एकदा उघडून बघावी. परवानगी मागणारं पान दिसलं तर समोरच्यालाही तेच दिसणार. मला तर लिंक म्हणून `C:\Users\` ने सुरू होणारा पत्तासुद्धा आलेला आहे, आणि ब्राउझरातून उचललेला `blob:` ने सुरू होणाराही. पहिला त्या माणसाच्या संगणकापुरता खरा असतो, दुसरा त्याच्या ब्राउझरातल्या त्या उघड्या पानापुरता. पान बंद झालं की तोही संपला.

डॉक्युमेंट म्हणून जशीच्या तशी फाइल पाठवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असेल तर व्हिडिओ कुठे घेतला त्याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये लिहिलेले असतात आणि तेही सोबत जातात. वरच्या आज्ञेत शेवटच्या नावाआधी `-map_metadata -1` घातलं की फाइलच्या या नोंदी गळतात. चित्रातच दिसणाऱ्या गोष्टी, शेजारच्या खिडकीतला मेल, वर तरंगून गेलेला कुणाचा तरी संदेश, खात्याचा क्रमांक, या मात्र कुठल्याही आज्ञेने आपोआप जात नाहीत. तो तुकडा पाठवण्याआधी आपण स्वतः एकदा आवाज बंद करून बघायचा, आणि नको ते दिसलं तर तिथून कापायचा.